चार मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद: एका रात्रीच्या एन्कोडचं प्रकरण

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अकाउंटच्या मॅडमचा फोन आला. "बिल सेव्ह होईना. गोल गोल फिरतंय नुसतं." मी तेव्हा सात रस्त्याजवळ चहा पीत होतो. म्हटलं, कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला: "झालं हो, गेलं बिल." मी उरलेला चहा संपवला.

ऑफिसात पोचेपर्यंत बिल पुन्हा अडकलं होतं. या वेळी मॅडमनी शेजारच्याला बोलावून लॅनची वायर काढून परत खोचायला लावली होती, आणि त्यानंतरही बिल गेलं होतं. त्यामुळे माझ्या हातात दोन सिद्ध झालेले उपाय होते आणि दोन्हींचा आजाराशी काडीचा संबंध नव्हता. हे नंतर कळलं.

आधी ऑफिसची ओळख. सोलापुरातला एक छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, स्थानिक जाहिराती, देवस्थानांचे आणि मंडळांचे कार्यक्रम, असं चित्रीकरणाचं काम चालतं. माणसं अकरा. कोपऱ्यातल्या खोलीत एक जुना टॉवर सर्व्हर, त्यावर उबुंटू २०.०४. त्यात दोन डिस्क आहेत. एक १ टीबीची एसएसडी, तिच्यावर सिस्टीम, बिलिंगचा मारियाडीबी डेटाबेस आणि प्रिंटची रांग. दुसरी मोठी हार्ड डिस्क, तिच्यावर सगळं चित्रण, म्हणजे `/srv`. मी तिथे पूर्ण वेळ नाही. आठवड्यातून दोनदा जातो आणि बाकी फोनवर निभावतो.

डिसेंबरचा महिना होता. एका मंडळाला त्यांच्याकडच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं दहाएक वर्षांपूर्वीचं चित्रण नव्या रूपात हवं होतं, जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी. चित्रण आमच्याच कपाटातलं होतं, जुन्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्याचं. ते काम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाकडे दिलं. सहा महिन्यांची इंटर्नशिप, पोरगं हुशार, कमांड लाइनला न घाबरणारं. त्यानं रात्री पावणेअकराच्या सुमारास बॅच लावली आणि घरी गेला.

आता सकाळकडे वळतो. मी माझ्या साध्या लॉगिननं सर्व्हरवर शिरलो आणि सवयीनं एका फोल्डरचं नाव अर्धं टाइप करून टॅब दाबलं. नाव पूर्ण व्हायच्या ऐवजी ही ओळ आली:

```
-bash: cannot create temp file for here-document: No space left on device
```

जुन्या बॅशमध्ये डिस्क भरल्याची ही सगळ्यात लवकर दिसणारी खूण आहे. टॅबच्या मागे चालणाऱ्या स्क्रिप्टला एक इवलीशी तात्पुरती फाइल लागते, आणि तीसुद्धा बनत नसते. नव्या बॅशमध्ये हे काम बऱ्याचदा पाइपनं भागतं, त्यामुळे तिथे ही खूण दिसेलच असं नाही.

मी `sudo -i` करून रूट झालो. टॅब व्यवस्थित चालू लागलं. शंभर एमबीची एक फाइल बनवून पाहिली, बनली. मग `df -H` चालवलं. तीन-चार मिनिटांनी मॅडमनी आतून "परत अडकलं ओ" अशी हाक दिली तेव्हा पुन्हा चालवलं. आणि गोंधळ वाढला, कारण आलेलं उत्तर अपेक्षेच्या उलट होतं:

```
/dev/sda2  983G  964G    0 100% /
/dev/sda2  983G  905G   29G  97% /
```

पहिल्या ओळीत जागा शून्य, पण त्याच वेळी मी रूट म्हणून फाइल बनवू शकत होतो. दुसऱ्या ओळीत २९ जीबी मोकळी, आणि मॅडमचं बिल मात्र अडकलेलं. (डेटाबेसला जागा मोकळी झाल्याचं कळायला मिनिटभर उशीर होऊ शकतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.) एरवी या डिस्कवर २७० जीबीच्या आसपास वापर असतो, म्हणजे २७-२८ टक्के. कुणीतरी रात्रीत सहा-सातशे जीबी खाल्ले होते हे उघड होतं. पण भरलेली डिस्क मधूनच ६० जीबीनं रिकामी कशी होते? कोण खातं आणि कोण ओकतं?

इथे मी एक चूक केली आणि तीच खऱ्या अर्थानं सर्व्हर बंद पाडणारी ठरली. विचार केला की २९ जीबी मोकळी आहे म्हणजे जागेचा प्रश्न नाही, डेटाबेसच कुठेतरी गुंतलाय. म्हणून मारियाडीबी रीस्टार्ट केला. तो बंद व्हायलाच बराच वेळ लागला. बंद झाला, आणि पुन्हा चालूच होईना. लॉगमध्ये ही ओळ होती:

```
InnoDB: Could not set the file size of './ibtmp1'. Probably out of disk space
```

मारियाडीबी प्रत्येक वेळी उठताना आपली एक तात्पुरती टेबलस्पेस नव्यानं बनवतो, सुरुवातीला ती १२ एमबीची असते. तेवढीही जागा त्याला मिळाली नाही. आतापर्यंत बिलं अडकत-सुटत का होईना जात होती. माझ्या रीस्टार्टनंतर ती पूर्ण थांबली. काउंटरवर तीन माणसं उभी, लग्नसराईचे दिवस, आणि मालक दारात. "काय मालक, काय झालं?" असं त्यांनीच मला विचारलं. सोलापुरात सगळेच एकमेकांचे मालक असतात, पण त्या क्षणी ते जरा टोचलं.

त्याच लॉगमध्ये वर पाहिलं तर पहाटेपासून अधूनमधून दुसरा एक संदेश पडलेला होता, `Disk is full writing` असा सुरू होऊन `Waiting for someone to free space...` असं म्हणणारा. म्हणजे डिस्क भरली की आमचा डेटाबेस बिल नाकारत नव्हता. तो थांबायचा, मिनिटामिनिटाला पाहायचा, आणि जागा झाली की काहीच घडलं नाही असं दाखवून पुढे जायचा. म्हणून मॅडमना एररचा संदेश कधी दिसलाच नाही, फक्त फिरणारं चक्र दिसलं. आणि चक्र फिरत असताना माणूस काय करतो? सेव्हचं बटण पुन्हा दाबतो. या बटणाकडे शेवटी यायचंय.

कोण खातंय

डिस्कवर कोण बसलंय हे शोधायला फार वेळ लागला नाही. `du -xh --max-depth=1 /` चालवलं, त्यातला `-x` महत्त्वाचा, कारण त्यामुळे मोजणी त्याच डिस्कपुरती राहते आणि `/srv` वरचं चित्रण त्यात मिसळत नाही. `/tmp` एकटंच ६२० जीबीच्या वर होतं. आत `enc` नावाचं फोल्डर, त्यात सात फाइली. सहा जवळपास सारख्या, प्रत्येकी १०४ जीबीच्या थोड्या आत. सातवी लहान, आणि पुन्हा `ls` केलं की तिचा आकार बदललेला.

मी इंटर्नला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा त्याच्या आईनं उचलला. पूर्व भागातलं घर, मागे यंत्रमागाची खडखड. निम्म्या तेलुगूत आणि निम्म्या मराठीत त्या म्हणाल्या की पोरगं रात्री एकपर्यंत मोबाइलवर काहीतरी बघत बसलं होतं, आत्ता उठवते. तेवढ्यात मी सातवी फाइल उडवली. बाकीच्या सहांना हात लावला नाही, कारण त्या तात्पुरत्या आहेत की मंडळाचं एकमेव चित्रण, हे मला माहीत नव्हतं. सातवी मात्र डोळ्यांदेखत बनत होती, म्हणजे ती कुणाची मूळ प्रत असणं शक्य नव्हतं.

फाइल गेली. `df` जिथल्या तिथे.

याचं कारण लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं, पण घाईत आठवत नाही. `rm` फक्त नाव पुसतं. एखादा प्रोग्राम ती फाइल उघडून बसला असेल, तर त्याचा हात सुटेपर्यंत जागा परत मिळत नाही. `du` नावं धरून मोजतं, त्याला ती फाइल दिसत नाही. `df` डिस्कलाच विचारतं, त्याला ती दिसते. दोघांच्या आकड्यात मोठी तफावत आली की `lsof +L1` चालवायचं. नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली ते दाखवतं. मला तिथे `ffmpeg` दिसलं, रूटच्या नावानं.

`pkill ffmpeg` केलं. जागा झाली, ९० जीबी. हुश्श म्हणून डेटाबेस चालू करायला गेलो, तोवर मिनिट झालं होतं आणि `ffmpeg` परत उभं होतं. सातवी फाइल पुन्हा वाढत होती.

मग `ps -ef --forest` पाहिलं. `ffmpeg` च्या वर एक शेल स्क्रिप्ट होती आणि ती `screen` मध्ये चालू होती. स्क्रिप्ट मारली, मग `ffmpeg` मारलं, मग सातवी फाइल उडवली. या क्रमानं केल्यावर जागा झाली ती टिकली. डेटाबेस पहिल्या झटक्यात उठला. सकाळचे दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

रात्री काय घडलं

अकराला इंटर्न आला, चेहरा उतरलेला. "दादा, पण मी जागेचा हिशोब केला होता," हे त्याचं पहिलं वाक्य. आणि खरंच त्यानं केला होता, वहीत लिहूनच. मूळ ३८ क्लिप, प्रत्येकी सुमारे २ जीबी, मिळून ७६. शेवटची फाइल ८ मेगाबिटला, सात तासांची, म्हणजे अंदाजे २५ जीबी. डिस्कवर मोकळी जागा साडेसहाशेच्या वर. सहापट जागा आहे, झोपायला हरकत नाही.

हिशोबात सुरुवात होती आणि शेवट होता. मधलं नव्हतं.

ही त्याची स्क्रिप्ट, कामापुरती कापून:

```bash
for f in /srv/media/yatra/*.MTS; do
  b=$(basename "$f" .MTS)
  until ffmpeg -y -i "$f" -vf yadif=1,hqdn3d \
    -c:v rawvideo -pix_fmt yuv420p -c:a pcm_s16le \
    "/tmp/enc/$b.nut"
  do sleep 60; done
done
```

यानंतर सगळ्या `.nut` फाइली जोडायच्या, त्यावर दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग करायचं आणि शेवटी `/tmp/enc` पुसायचं, असा बेत होता.

मूर्खपणा म्हणावा असं यात काही नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. जुनं चित्रण इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक चित्र आडव्या रेघांच्या दोन अर्ध्यांत विभागलेलं. ते `yadif` नं सरळ करावं लागतं, आणि रात्रीच्या प्रकाशातला दाणेदारपणा `hqdn3d` नं कमी करावा लागतो. दोन फेऱ्यांच्या एन्कोडिंगमध्ये व्हिडिओ दोनदा वाचला जातो, म्हणजे ही गाळणीही दोनदा चालणार. ती एकदाच चालवून परिणाम साठवून ठेवला तर वेळ वाचतो. आणि साठवताना दर्जा जाऊ नये म्हणून त्यानं काहीही दाबायचं नाही असं ठरवलं: `rawvideo`. प्रत्येक पायरीला सबळ कारण होतं.

पण न दाबलेला व्हिडिओ केवढा असतो? एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके. `yuv420p` मध्ये ठिपक्यामागे सरासरी दीड बाइट. म्हणजे एक चित्र ३१ लाख १० हजार ४०० बाइट, तीन एमबीच्या थोडं वर. सेकंदाला २५ चित्रं धरली तर ७८ एमबी, तासाला २८० जीबी. आणि त्यानं `yadif=1` लिहिलं होतं. हा प्रकार प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र बनवतो, त्यामुळे २५ ची ५० चित्रं होतात. नंदीध्वजाची उंच काठी झुलत चालते तेव्हा ५० चित्रांत ती हालचाल खरंच सुंदर दिसते, या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. फक्त आकडा दुप्पट झाला: सेकंदाला १५५ एमबी, तासाला ५६० जीबी. मूळ कॅमेऱ्याची फाइल सेकंदाला ३ एमबी होती. पन्नासपटीहून जास्त फुगवटा.

२४ मेगाबिटच्या २ जीबी क्लिपमध्ये सुमारे अकरा मिनिटं बसतात. तिची तात्पुरती फाइल १०४ जीबीची. अशा ३८ म्हणजे जवळजवळ ४ टीबी, आणि जोडणी शेवटी असल्यामुळे सगळ्या एकाच वेळी हव्यात. हे काम आमच्या त्या डिस्कवर कधीच संपलं नसतं. रात्री पाहायला कुणी बसलं असतं तरी नाही.

चाचणी त्यानं केली होती, चाळीस सेकंदांच्या तुकड्यावर. त्याची तात्पुरती फाइल ६ जीबीची झाली असणार. पण स्क्रिप्टनं ती शेवटी स्वतःच पुसली, आणि मधे कुणी डोकावलं नाही. स्वतःमागे झाडून काढणारी चाचणी ही फसवी चीज आहे; शेवटी सगळं स्वच्छ दिसतं आणि कामाच्या मध्यावर पसारा किती उंच होता याची खूण उरत नाही.

चार आणि पाच मिनिटांचं कोडं

आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्या जागेचा उलगडा. दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली, पुन्हा प्रयत्न करणारा `until`. आदल्या आठवड्यात कार्ड रीडर मधेच सुटून त्याची एक बॅच तुटली होती, आणि मीच त्याला सांगितलं होतं की चुकलं तर मिनिटभर थांबून परत करायला लाव. रीडर सुटण्यासाठी तो सल्ला बरा होता. भरलेल्या डिस्कसाठी तो घातक ठरला. सहा क्लिप झाल्यावर सातवीला ९० जीबी उरले. ते संपले, `ffmpeg` `No space left on device` म्हणत पडलं. मिनिटभर शांतता. मग तेच पुन्हा सुरू, आणि `-y` मुळे सातवी फाइल आधी शून्यावर आली. एका क्षणात ९० जीबी मोकळे! मग पुन्हा भरत गेले. त्याच्या लॉगमध्ये वेग १.२ पट दिसत होता, म्हणजे डिस्कवर सेकंदाला साधारण १८७ एमबी जात होते. ९० जीबी भरायला आठ मिनिटं, वर एक मिनिट विश्रांती. नऊ मिनिटांचं चक्र, पावणेबारापासून सकाळपर्यंत. लॉग `/srv` वर होता म्हणून वाचला. त्यात साठाहून जास्त वेळा तीच ओळ. रात्रीत त्या बिचाऱ्या एसएसडीवर सहा टीबीच्या आसपास लिहून पुसलं गेलं. अशा डिस्कची लेखनमर्यादा काही शे टीबी असते, तेव्हा ती मेली नाही, पण मी तिचे स्मार्टचे, म्हणजे तब्येतीचे, आकडे पाहून घेतले.

दुसरी गोष्ट, राखीव जागा. एक्स्ट४ ही फाइलसिस्टीम बनवताना मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवते. आमच्या डिस्कवर ती ४९ जीबी. `df` च्या मोकळ्या जागेच्या रकान्यात ती धरलेली नसते. म्हणून ९० जीबीपैकी पहिले ४१ भरेपर्यंत सगळ्यांचं चालायचं, म्हणजे पावणेचार मिनिटं. त्यानंतर `mysql` या साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालणाऱ्या डेटाबेसला जागा शून्य, मला माझ्या साध्या लॉगिनवर जागा शून्य, पण रूटला अजून ४९ जीबी मोकळं. त्यामुळेच रूट झाल्यावर टॅब चालू लागलं आणि माझी शंभर एमबीची चाचणी पास झाली. मी चुकीच्या माणसाच्या नावानं चाचणी घेत होतो. तीच अशी घेतली असती तर दोन सेकंदांत कळलं असतं:

```
sudo -u mysql dd if=/dev/zero of=/var/tmp/t bs=1M count=20
```

ही ५ टक्के जागा खरं तर अशाच प्रसंगासाठी असते: साध्या वापरकर्त्यांनी डिस्क भरली तरी रूटला आत शिरून साफसफाई करता यावी. आमच्याकडे मात्र भरणाराच रूट होता. `/srv` वर शेवटची फाइल जाणार होती त्या फोल्डरची मालकी दुसऱ्याच्या नावावर होती, तिथे लिहिता येईना, म्हणून इंटर्ननं आख्खी स्क्रिप्ट `sudo` नं चालवली. `sudo` त्याला मीच दिला होता, `ffmpeg` बसवण्यापुरता, आणि परत घ्यायचा राहिला होता. तरी हेही मान्य करायला हवं की त्यानं साध्या नावानं चालवली असती तरी मॅडमचं बिल अडकलंच असतं, डेटाबेसलाही राखीव जागा वापरता येत नाही. फरक एवढाच की बिलं दर चक्रात पाच मिनिटांऐवजी मिनिट-दोन मिनिटंच अडकली असती.

मॅडमच्या तक्रारीतली "कधी जातं, कधी अडकतं" ही ओळ म्हणजे हेच चार मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद. कॉम्प्युटर रीस्टार्ट, लॅनची वायर, सगळे उपाय चक्राच्या चांगल्या भागात पडले होते.

काय बदललं

त्याच दुपारी त्या सहा फाइली त्याच्याच हातानं पुसून घेतल्या, मूळ ३८ क्लिप `/srv` वर जागेवर आहेत हे दोघांनी मोजून झाल्यावर. मग मी त्याला विचारलं, "दोन फेऱ्या कशाला रे?" दोन फेऱ्यांचा उपयोग ठराविक आकारात बसवायचं असेल तेव्हा. पूर्वी डीव्हीडीत बसवावं लागायचं. मंडळाला पेन ड्राइव्हवर फाइल हवी होती, ती २५ जीबीची झाली काय आणि ३० ची झाली काय. आकार सोडला आणि दर्जा ठरवला की एक फेरी पुरते, आणि एक फेरी असेल तर मधली साठवण लागतच नाही:

```bash
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -vf yadif=1,hqdn3d \
  -c:v libx264 -crf 20 -c:a aac yatra.mp4
```

`list.txt` मध्ये क्लिपांची नावं क्रमानं, प्रत्येक ओळ `file 'नाव'` अशा रूपात. जोडणी, गाळणी आणि एन्कोडिंग एकाच ओघात होतं, चित्रं मेमरीतून पुढे सरकतात, डिस्कवर फक्त शेवटची फाइल वाढते. त्यानं आधी `ffv1` सुचवलं होतं, म्हणजे दर्जा न घालवता दाबणारं स्वरूप. मधली फाइल ठेवायचीच असेल तर ते कच्च्या व्हिडिओपेक्षा नक्कीच बरं. पण रात्रीच्या दाणेदार चित्रणात त्याची बचत मर्यादित राहते, आणि ४ टीबीचे निम्मे झाले तरी आमच्या ७०० मध्ये बसत नाहीत.

सर्व्हरवर मी एक जुनी डिस्क `/scratch` म्हणून लावली. तात्पुरतं काम फक्त तिथे, `encode` नावाच्या साध्या वापरकर्त्याकडून, आणि इंटर्नचा `sudo` काढला. ती डिस्क काठोकाठ भरली तरी बिलं चालू राहतात. बाकी सगळे उपाय कुणाच्या तरी लक्षात राहण्यावर अवलंबून आहेत, हा एकटाच नाही, म्हणून माझ्या लेखी खरा उपाय तो. सूचना पाठवणारी व्यवस्थाही लावली, डिस्क ८० टक्के झाली की फोनवर मेसेज. पहिल्यांदा ती रोज एकदा तपासत होती. मग लक्षात आलं की त्या रात्री २७ टक्क्यांपासून बिलं अडकेपर्यंत जेमतेम तास लागला होता. आता ती पाच मिनिटांनी तपासते.

`until` मध्ये तीन प्रयत्नांची मर्यादा घातली. आणि त्याच्या वहीत आता जागेच्या हिशोबाला तिसरा रकाना आहे. एक सावधगिरी: `/tmp` डिस्कवर असतं हे सगळीकडे खरं नाही. डेबियन १३ मध्ये ते मुळातच रॅममध्ये असतं, निम्म्या रॅमच्या मर्यादेपर्यंत. तिथे ही स्क्रिप्ट पहिल्या क्लिपलाच अडकली असती आणि वेगळीच माणसं वेगळ्याच तक्रारी घेऊन आली असती.

यात्रेआधी आठवडाभर फाइल मंडळाकडे गेली. काठ्या छान झुलतात त्यात.

राहिलं ते सेव्हचं बटण. अडकलेली बिलं डेटाबेस सोडत नव्हता, धरून ठेवत होता, आणि जागा होताच सगळी एकदम लिहीत होता. त्या सकाळी तीन बिलांच्या दोन-दोन प्रती झाल्या, वेगवेगळ्या क्रमांकांच्या. दोन मॅडमना त्याच दिवशी दिसल्या आणि रद्द झाल्या. तिसरी दिसली नाही, डिसेंबरच्या जीएसटी विवरणपत्रात ११ जानेवारीच्या आत रीतसर भरली गेली. मग गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, होम मैदानात पाळण्याच्या रांगेत, एका ग्राहकानं मालकांना गाठून विचारलं, "एका लग्नाची दोन बिलं कशी काय पाठवली ओ?" विवरणपत्र भरून झालेलं असल्यानं ते बिल नुसतं रद्द करता येईना, क्रेडिट नोट काढावी लागली. ती मॅडमनी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काढली. सेव्ह एकदाच दाबलं, आणि चक्र थांबेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसल्या.